दोन झेरॉक्सवाले आणि दीड रुपया: प्रिझनर्स डिलेमा कागदावर सोडवायचा कसा

एमबीएच्या मुलांना गेम थिअरी, म्हणजे समोरचा काय करेल ते धरून आपली चाल ठरवायचं गणित, शिकवताना दरवेळी एकच गोष्ट बघतो. पोलीस स्टेशनमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकमेकांविरुद्ध कबूल करायला लावलेल्या दोन कैद्यांची स्टोरी सगळ्यांना पाठ असते, कोण कबूल झाला की किती वर्षं तेही पाठ, पण केसमध्ये दोन दुकानांचे रेट देऊन विचारलं की 'इथे प्रिझनर्स डिलेमा आहे का?' तर ९० टक्के उत्तरं 'हो' अशी येतात, कारण दोघं रेट पाडतायत ना मग झालंच. नाही हो, तसं होत नाही. रेट पडण्याची कारणं दोन वेगवेगळी असू शकतात, आणि कुठल्या कारणाने पडलाय त्यावर पुढचा सल्ला पूर्ण उलटा होतो. ते कसं ओळखायचं हेच इथे सांगतो, एकच उदाहरण घेऊन, शेवटपर्यंत तेच.

मूळ खेळ १९५० चा, अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांचा, त्याला कैद्यांची गोष्ट जोडली अल्बर्ट टकर यांनी, आणि इक्विलिब्रियमवाले जॉन नॅश टकर यांचेच विद्यार्थी. इतिहास एवढाच पुरे, आता कॉलेजच्या गेटबाहेर जाऊ.

आधी आकडे मांडा, थिअरी नंतर

गेटबाहेर दोन झेरॉक्सवाले आहेत. एक बरोब्बर गेटसमोर, दुसरा पन्नास पावलांवर कोपऱ्यावर. त्यांना गेटवाला आणि कोपरेवाला म्हणू. मशीन सारखं, कागद सारखा, आणि झेरॉक्सवर एमआरपी नसते त्यामुळे रेट ज्याचा त्याने ठरवायचा. समजा दिवसाला सगळी मिळून २००० पानं निघतात, आणि एका पानामागे कागद, टोनर, लाईट आणि मशीनच्या मीटरवर जो पर कॉपी चार्ज लागतो तो धरून ६० पैसे खर्च येतो.

इथे एक चूक हमखास होते. मुलं दुकानदाराला विचारतात 'काका, पानाला खर्च किती?' आणि काका भाडं, पोऱ्याचा पगार, सगळं धरून सव्वा रुपया सांगतात. त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच आहे, पण आपल्याला तो आकडा नकोय. भाडं एक पान काढलं तरी द्यायचं आणि हजार काढली तरी द्यायचं, म्हणजे खालच्या टेबलातल्या प्रत्येक खान्यातून तेवढीच रक्कम वजा होणार आणि कुठला खाना मोठा कुठला लहान यात काही फरक पडणार नाही. त्यामुळे फक्त पान वाढलं की वाढतो तेवढाच खर्च घ्या.

आता रेट दोनच ठेवू, २ रुपये किंवा दीड रुपया. दोन रुपयाला पानामागे १.४० सुटतात, दीडला ९० पैसे. दोघांचा रेट सारखा असेल तर गिऱ्हाईक अर्धं अर्धं, १०००-१००० पानं. एकाने दीड केला आणि दुसरा दोनवरच राहिला तर स्वस्तवाल्याकडे १८०० पानं जातात आणि महागवाल्याकडे २०० उरतात, कारण काही लोकांना घाई असते, काहींची उधारी असते, काही नुसते ओळखीचे असतात.

चार खाने भरा. आधीचा आकडा गेटवाल्याचा, नंतरचा कोपरेवाल्याचा, दिवसाची कमाई रुपयांत:

| | कोपरेवाला २ रु. | कोपरेवाला १.५० रु. |
|---|---|---|
| गेटवाला २ रु. | १४००, १४०० | २८०, १६२० |
| गेटवाला १.५० रु. | १६२०, २८० | ९००, ९०० |

हे स्वतः गुणाकार करून भरा, उतरवून घेऊ नका. १८०० गुणिले ९० पैसे म्हणजे १६२०, २०० गुणिले १.४० म्हणजे २८०, बाकीचं सोपं आहे.

अंडरलाईन करायची पद्धत

गेटवाल्याच्या डोक्यात शिरा. समोरच्याचा रेट त्याच्या हातात नाही, म्हणून समोरच्याचा एकेक रेट पक्का धरायचा आणि मग आपलं काय बरं ते बघायचं. कोपरेवाला २ वर आहे असं धरा, म्हणजे डावा कॉलम. गेटवाल्याचे आकडे वरून खाली वाचा: १४०० आणि १६२०. मोठा १६२०, त्याखाली रेघ मारा. आता कोपरेवाला दीडवर आहे, उजवा कॉलम: २८० आणि ९००. मोठा ९००, रेघ मारा. कोपरेवाल्यासाठी हेच, फक्त आता रो पक्की धरायची आणि त्याचे आकडे डावीकडून उजवीकडे वाचायचे. त्याचंही १६२० आणि ९०० येतं.

ज्या खान्यात दोन्ही आकड्यांखाली रेघ आली तो नॅश इक्विलिब्रियम. इथे तो दीड-दीड. अर्थ एवढाच की समोरचा आहे तिथेच राहणार असेल तर मला एकट्याला हलून काही मिळत नाही, आणि हे त्यालाही तितकंच लागू आहे. यात 'बेस्ट' वगैरे कुठेही आलेलं नाही हे लक्षात घ्या, कारण दोघांनाही जास्त देणारा १४००-१४०० चा खाना समोरच दिसतोय आणि तरी तिथे कोणी टिकत नाही.

पेपरात मार्क जातात ते दोन ठिकाणी. एक, मुलं कॉलममध्ये बघायचं तिथे रोमध्ये बघतात, म्हणजे गेटवाल्याच्या १४०० ची तुलना त्याच्याच २८० शी करतात, जी कधीच करायची नसते कारण तो बदल समोरच्याच्या हातात आहे. दोन, उत्तर लिहितात 'इक्विलिब्रियम ९००, ९००'. ९०० हा पैसा झाला. इक्विलिब्रियम ही दोघांची निवड असते, म्हणून 'दोघेही दीड रुपया' असं लिहायचं.

गेटवाल्याला कोपरेवाला काहीही करो, दीडच बरा ठरला, याला डॉमिनंट स्ट्रॅटेजी म्हणतात. दोघांकडेही अशी डॉमिनंट चाल असणं आणि ती दोघांनी खेळल्यावर दोघांचंही नुकसान होणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच तो प्रिझनर्स डिलेमा. आकड्यात बघायचं तर एकट्याने पाडण्याचे १६२०, त्याखाली दोघं टिकल्याचे १४००, त्याखाली दोघांनी पाडल्याचे ९००, आणि तळाला एकटाच टिकलेल्याचे २८०. ही उतरंड याच क्रमाने हवी. एक जरी आकडा वरखाली झाला तरी खेळ बदलतो.

खरंच डिलेमा आहे का ते तपासा

सगळा खेळ एका आकड्यावर उभा आहे, तो म्हणजे १८००. रेट पाडल्यावर किती गिऱ्हाईक खरंच पलीकडे जातं? हा आकडा मी टेबलावर बसून धरलाय, फील्डवर तो मोजावा लागतो.

पाडणाऱ्याला पाडणं परवडायला हवं तर ९० पैशाने १४०० च्या वर जायला पाहिजे, म्हणजे साधारण १५५६ पानं पाहिजेत. त्याची आधीची हजार आहेतच, म्हणजे समोरच्याच्या हजारातली किमान ५५६ ओढता आली पाहिजेत. आता जुलैचा पाऊस धरा, रस्त्यात गुडघाभर पाणी, आठ आण्यासाठी कोण पँट वर करून पलीकडे जातंय! समजा त्या दिवसांत पाडणाऱ्याकडे फक्त १५०० पानं येतात. मग त्याचे १३५० होतात, १४०० पेक्षा कमी. आणि न पाडणाऱ्याकडे ५०० राहतात, त्याचे ७००.

परत रेघा मारून बघा. समोरचा २ वर असेल तर माझंही २ च बरं (१४०० विरुद्ध १३५०), समोरचा दीडवर असेल तर माझंही दीडच बरं (९०० विरुद्ध ७००). आता दोन खान्यांत दुहेरी रेघ येते, दोन-दोन हेही इक्विलिब्रियम आणि दीड-दीड हेही. म्हणजे तीच दुकानं, तेच रेट, आणि पाऊस पडला तर डिलेमा गायब. डॉमिनंट चाल कोणाकडेच राहिली नाही, दोघं फक्त एकमेकांकडे बघून चालतायत.

प्रोजेक्ट करताना हा आकडा 'रेट कमी केला तर तुम्ही जाल का?' असं विचारून मिळत नाही, सगळे 'हो' म्हणतात. त्यापेक्षा कधी एकाकडे मशीन बंद असतं, कधी एकाने परीक्षेच्या आठवड्यात खरंच रेट कमी केलेला असतो, तेव्हा एकाच वेळेला म्हणजे समजा ११ ते १ दोन्हीकडे उभं राहून पानं मोजा. मशीन बंद असताना शंभर टक्के जाणारच, तो वरचा टोकाचा आकडा समजायचा, खरा त्याच्या खालीच कुठेतरी असतो.

तिसरा रेट आणा, मग मजा बघा

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. दोन बाय दोनचा चौकोन वहीत छान बसतो म्हणून सगळे तोच काढतात, पण दुकानदाराला रेट दोनच असतात असं कोणी सांगितलं? १ रुपयाही आहे की. एक रुपयाला पानामागे ४० पैसे सुटतात. पाऊस संपला, परत १८०० आणि २०० वर या, आणि फक्त गेटवाल्याची कमाई लिहा (कोपरेवाल्याची आरशासारखी तशीच येणार):

| गेटवाल्याचा रेट | कोपरेवाला २ | कोपरेवाला १.५० | कोपरेवाला १ |
|---|---|---|---|
| २ रु. | १४०० | २८० | २८० |
| १.५० रु. | १६२० | ९०० | १८० |
| १ रु. | ७२० | ७२० | ४०० |

प्रत्येक कॉलममधला मोठा आकडा बघा. समोर २ असेल तर दीड, समोर दीड असेल तर दीड, समोर १ असेल तर १. म्हणजे दीड आता डॉमिनंट राहिला नाही, पण दीड-दीड इक्विलिब्रियम आहेच, आणि त्याच्या जोडीला एक-एक हेही नवीन इक्विलिब्रियम आलंय. दोन-दोन मात्र अजूनही टिकत नाही, तिथून दोघांनाही दीडवर उतरावंसं वाटतं.

एक-एकवर कोण कशाला जाईल? सहज जातात. तिसरा कोणीतरी नवीन दुकान टाकतो, ओपनिंग ऑफर म्हणून १ रुपया लावतो, दोघांना झक मारत खाली यावं लागतं, चार महिन्यात तिसरा गाळा सोडून जातो, आणि हे दोघं तसेच एक रुपयावर बसून राहतात. ४०० रुपयांवर. का? कारण एकट्याने दीड केला तर ४०० चे १८० होतात.

आता या दोन अडकण्यातला फरक बघा, इथेच बहुतेक सगळे घसरतात.

दोघं एक-एकवर अडकलेत आणि गेटवाला धाडस करून दीड करतो. पहिल्या दिवशी त्याला १८० मिळतात, २२० चा फटका. पण कोपरेवाला आता काय विचार करेल? त्याने १ ठेवला तर ७२०, त्यानेही दीड केला तर ९००. म्हणजे मागोमाग वर येण्यात त्याचाच फायदा आहे. फोन नको, मीटिंग नको, दुसऱ्या दिवशी तोही दीडवर आणि दोघं ९००-९०० वर. एकाने पुढाकार घेतला आणि सुटले.

आता दोघं दीड-दीडवर आहेत आणि गेटवाला धाडस करून २ करतो. कोपरेवाल्याने दीडच ठेवला तर १६२०, तोही २ वर आला तर १४००. तो कशाला हलेल? गेटवाला २८० वर मुकाट बसेल आणि संध्याकाळी पाटी पुसून परत दीड लिहील.

पहिला प्रकार म्हणजे कोणी पुढे होत नाही म्हणून अडकणं, याला कोऑर्डिनेशनचा प्रश्न म्हणतात. दुसरा म्हणजे कोणी पुढे झाला तरी अडकणं, आणि तोच खरा प्रिझनर्स डिलेमा. दोन्ही इक्विलिब्रियमच, दोन्हीकडे दुहेरी रेघ, बाहेरून दोन्ही 'प्राईस वॉर'. पण क्लायंटने विचारलं की 'मी रेट वाढवू का?' तर पहिल्यात उत्तर 'बिनधास्त वाढवा, एक दिवस कळ काढा' असं आहे आणि दुसऱ्यात तोच सल्ला दिला तर त्याचा धंदा बसेल. ओळखायची टेस्ट एका वाक्यात: मी वर गेल्यावर समोरच्याला खालीच राहण्यात जास्त मिळतं की मागे येण्यात? आधी तो आकडा काढा, मग तोंड उघडा.

मग खऱ्या रस्त्यावर दोन-दोन कसा दिसतो?

चौकस मुलं हे विचारतातच, की सर थिअरीप्रमाणे दोन रुपये टिकत नाहीत पण आमच्या गेटबाहेर तर वर्षानुवर्षं दोघांचा रेट दोनच आहे. बरोबर आहे, कारण वरचा सगळा हिशोब एका दिवसाचा होता आणि दुकानं रोज उघडतात.

परत २ आणि दीड एवढेच रेट घ्या. रोजचा खेळ धरला तर पाडण्याचा हिशोब बदलतो. आज पाडला तर आज १४०० ऐवजी १६२०, म्हणजे २२० जास्त. उद्या समोरचाही पाडणार, मग उद्यापासून १४०० ऐवजी ९००, म्हणजे रोज ५०० कमी. एका दिवसाच्या २२० साठी रोजचे ५०० घालवायचे, हे कोणताही दुकानदार पेन न घेता नाही म्हणेल.

यात दोन स्क्रू आहेत. पहिला, समोरच्याला कळायला किती दिवस लागतात. पाटीवर रेट असेल तर दुपारपर्यंत कळतं. पण सीआरला गुपचूप सांगितलं की 'सगळ्या वर्गाच्या नोट्स माझ्याकडे दे, दीडने करतो, बोलू नको कुठे', तर पाच दिवस पत्ता लागणार नाही, म्हणजे फायदा ११०० चा. तरी नंतर तीन दिवसांत १५०० जातातच, पण मोह वाढतो हे खरं. म्हणून रेट जिथे उघड असतो तिथे तो जास्त टिकतो आणि कोटेशनवर धंदा चालतो तिथे लवकर फुटतो.

दुसरा स्क्रू म्हणजे 'उद्या' आहे की नाही. गेटवाल्याची लीज मार्चमध्ये संपतेय आणि हे दोघांनाही माहीत आहे. शेवटच्या दिवशी शिक्षा करायला उद्याच नाही, म्हणून दोघं पाडणार. मग आदल्या दिवशी चांगलं वागून काय उपयोग, उद्या पडणारच आहे, म्हणून त्या दिवशीही पाडणार, असं मागे मागे येत आजपर्यंत पोचतं. कागदावर तरी असंच येतं. शेवट नक्की माहीत नसणं हेच रेट टिकवून धरतं. आपल्या आकड्यांत उद्याही खेळ चालू राहण्याची शक्यता साधारण ३१ टक्क्यांच्या वर असली तरी टिकणं परवडतं, अट एवढीच की समोरचा एकदा बिथरला की कायमचा बिथरणार. (२२० ला ७२० ने भागा, म्हणजे १६२० वजा ९००. परीक्षेत हा भागाकार येतो.)

प्रत्यक्षात कोणी कायमचा बिथरत नाही. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास कॉम्प्युटरवर प्रिझनर्स डिलेमाची टुर्नामेंट घेतली होती, त्यात अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली सगळ्यात छोटी स्ट्रॅटेजी जिंकली: सुरुवात चांगल्याने करा, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करा. दुकानाच्या भाषेत, त्याने पाडला तर उद्या मी पाडतो, त्याने वर नेला तर उद्या मीही वर. फक्त याची एक अडचण अशी की चुकून गैरसमज झाला, म्हणजे पोऱ्याने भलत्याच पानाचा रेट सांगितला आणि समोरच्याने ऐकलं, तर दोघं आलटून पालटून एकमेकांना शिक्षाच करत बसतात.

'मग बोलून घ्या ना' हे उत्तर लिहू नका

'दोघांनी चहा पिताना दोन रुपये ठरवून टाकावे' असं रेकमेंडेशन दरवर्षी चार-पाच रिपोर्टांत असतं. एक तर त्याने खाने बदलत नाहीत, चहा पिऊन आल्यावरही १६२० तिथेच आहे. आणि स्पर्धकांनी मिळून किंमत ठरवणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये येतं, त्यात करार लेखीच हवा असं नाही, आपसातली समजूतही करारच धरली जाते. दोन झेरॉक्सवाल्यांच्या मागे कोणी लागणार नाही हो, पण तुम्ही उद्या ज्या कंपनीत बसाल तिच्या मागे लागतील.

गंमत म्हणजे कार्टेल फोडायला कायदा हाच डिलेमा वापरतो. जो आधी येऊन भारतीय स्पर्धा आयोगाला सगळी माहिती देतो त्याचा दंड शंभर टक्क्यांपर्यंत माफ होऊ शकतो, दुसऱ्याचा पन्नासपर्यंत, त्यानंतरच्यांचा तीसपर्यंत. टकर यांचे कैदी परत आपापल्या खोलीत.

कोणाशीही न बोलता खाने बदलायचा एक मार्ग मात्र आहे, आणि तो पाटीवर लिहितात. गेटवाल्याने बोर्ड लावला, 'कोपऱ्यावर जो रेट तोच इथे'. वाचायला वाटतं गिऱ्हाईकासाठी आहे. पण आता कोपरेवाल्याने दीड केला तर गेटवाल्याकडेही त्याच क्षणी दीड झाला, म्हणजे गिऱ्हाईक हललंच नाही, कोपरेवाल्याला १६२० ऐवजी ९०० मिळाले. १४०० सोडून ९०० कोण घेईल? त्याने पाडायचा विचारच सोडला. मात्र हा बोर्ड एकाच बाजूचा आहे, गेटवाला स्वतः अजूनही पाडून १६२० घेऊ शकतो, म्हणून कोपरेवाल्यानेही तसाच बोर्ड लावला तरच दोन-दोनच्या खान्यात दुहेरी रेघ येते. आणि पोरांनी बोर्ड वाचून खरंच 'तिकडे दीड आहे' असं म्हटलं पाहिजे, लाजून पलीकडे निघून गेली तर १६२० परत जिवंत. तेव्हा केसमध्ये असा बोर्ड दिसला की आधीचं मॅट्रिक्स वापरू नका, एकाचा २ आणि दुसऱ्याचा दीड असलेले दोन खाने खोडून परत भरा आणि मगच रेघा मारा.